नव्यांसाठी आठवड्याचा व्यायाम: तीन दिवस, मधली विश्रांती आणि खाड्याचा नियम

पायवाट (धागाकर्ता)

आमच्या वसाहतीतल्या छोट्या व्यायामशाळेत नव्याने येणाऱ्यांना मी शिकवतो. बहुतेकांचा व्यायाम कुठे सुटतो हे आता मला पक्कं कळलंय. व्यायाम अवघड होता म्हणून क्वचितच कुणी सोडतं. एक दिवस खाडा पडतो, दुसऱ्या दिवशी माणूस तो भरून काढायला दुप्पट करतो, त्याने मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, मग पुढचे दोन दिवस आपोआप जातात. एका खाड्याचे तीन होतात. म्हणून मी वेळापत्रक देतानाच खाडा पडणार असं धरून देतो. तेच इथे मांडतोय, सुधारणा सुचवा.

घरी करायचं आहे असं धरू. सामान म्हणजे न डुगडुगणारी खुर्ची, स्वयंपाकघराचा ओटा, एक मजबूत सॅक आणि पाण्याच्या लिटरच्या बाटल्या. एक बाटली म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशोब सोपा राहतो.

दोन संच आहेत, अ आणि ब.

अ: खुर्चीला बूड टेकवून उठणे (स्क्वॉटच, पण खाली खुर्ची). ओट्यावर हात टेकून पुश-अप्स. एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने सॅक कमरेकडे ओढणे. शेवटी प्लँक.

ब: जिन्याच्या पायरीवर एकेका पायाने चढ-उतार. पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलणे (ग्लूट ब्रिज). दोन्ही हातांत बाटल्या घेऊन खांद्यापासून डोक्यावर नेणे. आणि पुन्हा सॅक ओढणे.

सॅक दोन्हीकडे मुद्दाम ठेवली आहे. घरच्या व्यायामात ढकलायचं काम भरपूर होतं आणि ओढायचं राहून जातं. दिवसभर संगणकावर वाकून बसणाऱ्यांना तर पाठीचं काम जास्तच लागतं.

प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा, दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं. प्लँक २० ते ३० सेकंद. पहिल्या आठवड्यात मात्र दोनच सेट, कितीही जोर आला तरी. आणखी दोन नीट निघतील असं वाटतं तिथे सेट थांबवायचा. वॉर्म-अप धरून पाऊण तासाच्या आत सगळं आटोपतं.

सोमवार अ, बुधवार ब, शुक्रवार अ. पुढच्या सोमवारी ब. मधल्या दिवशी आणि शनिवार-रविवारी विश्रांती. विश्रांती म्हणजे पडून राहणं नव्हे. बोलता येईल इतक्या वेगाने वीस-तीस मिनिटं चाला, घरची कामं करा. फक्त त्याच स्नायूंना पुन्हा दमवू नका. नव्या माणसाचं अंग व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तास दुखतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला की दुखणं पुष्कळच कमी असतं, पण त्यासाठी पहिल्या वेळचं दुखणं ओसरू द्यावं लागतं.

आता खाडा. नियम असा: संच वारावर बांधलेला नाही, क्रमावर बांधलेला आहे. बुधवारी ब राहिला तर पुढच्या वेळी ब च करायचा, मग तो गुरुवार असो की शनिवार. फक्त दोन संचांच्या मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा गेला पाहिजे. राहिलेला संच दुसऱ्यात मिसळायचा नाही, सेट वाढवायचे नाहीत. आठवडा संपेपर्यंत दोनच झाले तर दोनच झाले, तिसऱ्याची उधारी पुढच्या आठवड्यावर चढत नाही.

खंड मोठा असेल तर एवढंच बघायचं: आठवड्याच्या आत परत आलात तर होतं तिथूनच पुढे. आठवडा ते दोन आठवडे गेले तर पहिले दोन्ही संच दोन-दोन सेटचे. त्याहून जास्त गेले तर एक पायरी मागे, म्हणजे सॅकमधून दोन बाटल्या कमी आणि पुश-अप्स आधीच्या उंचीवर. महिना उलटला तर पहिल्या आठवड्यासारखी सुरुवात.

मानसी_म

छान माहिती. माझं वजन तसं ठीक आहे, पण पोट सुटलंय. यात पोटाचे व्यायाम फारच कमी दिसतात. रोज किती क्रंचेस केले तर फरक पडेल?

तालीमवाला_कोल्हापूर

पायवाट भाऊ, लिहिलंय चांगलं, पण एक पटलं नाही. आमच्याकडं तालमीत पोरगं आलं की पहिल्या दिवसापासून रोज जोर, रोज बैठका. अंग दुखलं तर दुसऱ्या दिवशी आणखी मारायच्या, दुखणं जिरतं. एकाआड एक दिवस व्यायाम करून कुणी पैलवान झालेला मी बघितला नाही. आणि शिस्त म्हणजे रोजची. एक दिवस सुट्टी दिली की मन दोन मागतं.

पायवाट

मानसीताई, क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतील, पण वरची चरबी तिथूनच उतरेल असं शरीर करत नाही. ती खाण्याच्या हिशोबाने सगळीकडून हळूहळू उतरते. या धाग्यात तुमच्या उपयोगाचा व्यायाम म्हणजे प्लँक आणि सॅक.

तालीमवाला, तुमच्या म्हणण्यात दोन गोष्टी आहेत आणि पहिली मला मान्य आहे. दुखऱ्या अंगाने हलकी हालचाल केली की बरं वाटतं, हे खरंच आहे. चालायला सांगतो ते त्यासाठीच. पण बरं वाटलं म्हणजे स्नायू सावरला असं नाही. तासाभराने पुन्हा ओढ बसते, आणि दरम्यान तुम्ही त्यावर आणखी भार टाकलेला असतो. तालमीतलं पोरगं पंधरा-सोळाचं असतं, वस्ताद नजर ठेवून असतो, खुराक असतो, दुपारची झोप असते. इथे विचारणारा चाळिशीचा, लोकलने दोन तास उभा राहून घरी येणारा. त्याला व्यायामाइतकीच सावरायला उसंत लागते.

फिजिओ_नाशिक

धागा आवडला. माझ्याकडे जे येतात ते बिघडल्यावर येतात, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

अंग आंबणं आणि इजा होणं यांत फरक ओळखता आला पाहिजे. आंबलेला स्नायू दोन्ही बाजूंना सारखा दुखतो, मांसल भागात दुखतो, आणि थोडं चाललं की सैल होतो. एकाच गुडघ्यात, सांध्याच्या रेषेवर बोट ठेवता येईल अशी कळ, किंवा उतरताना टोचणं, हे आंबणं नव्हे. अशा वेळी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि ब मधली पायरी अर्धी करा. तरीही आठवडाभर राहिलं तर दाखवा.

दुसरी गोष्ट क्वचित होते, पण माहीत हवी. खूप दिवसांनी येऊन एकदम शेकड्याने बैठका मारल्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर घरी थांबायचं नाही. लगेच रुग्णालयात जायचं. स्नायू फाटून त्यातला घटक मूत्रपिंडावर ताण आणतो. खाडा एका दिवसात भरून काढू नये याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे.

एक मतभेदही आहे. "आणखी दोन निघतील तिथे थांबा" हे नव्या माणसाला कळतच नाही. त्याला दोन वाटतात तेव्हा खरं तर पाच-सहा शिल्लक असतात, किंवा काहीच नसतात.

पायवाट

मुद्दा रास्त आहे. मी शिकवताना मोजायला सांगत नाही, बघायला सांगतो. ओट्यावरच्या पुश-अप्समध्ये वर येण्याचा वेग बघा. पहिले सहा-सात एकाच लयीत येतात. मग एक असा येतो की कोपर अर्ध्यात रेंगाळतं, वर यायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. तो शेवटचा. त्याच्या पुढचा काढायला गेलात की कंबर खाली झुकते किंवा मान पुढे जाते. कुणी बघायला नसेल तर मोबाईल बाजूला टेकवून एकदा चित्रफीत काढा, हे लगेच दिसतं. खुर्चीच्या व्यायामात खूण वेगळी असते: शेवटी माणूस बूड टेकवण्याऐवजी धपकन बसतो. धपकन बसलात की सेट संपला.

फिजिओ_नाशिक

हो, हे चालेल. श्वासाचंही सांगा, बरेच जण जोर लावताना श्वास कोंडतात.

हिंजवडीकर

माझा प्रश्न जिमचा आहे, इथे चालेल ना? ट्रेनरने तक्ता दिलाय: सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार पाय, शुक्रवार हात, शनिवार पोट. पहिला महिना झाला. माझा गुरुवार संध्याकाळी नेमका अमेरिकेचा कॉल असतो. तुमचा क्रमाचा नियम मी लावला तर सगळं एक दिवस पुढे सरकतं आणि मग मध्ये विश्रांतीच राहत नाही. न लावला तर पाय राहतात. काय करू?

पायवाट

चालेल काय, धाग्याचा मुख्य मुद्दा तुम्हीच आणलात. तुमच्या तक्त्यात प्रत्येक अवयवाला आठवड्यातून एकच वार मिळतो. गुरुवार गेला की पायांना आधीच्या गुरुवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत चौदा दिवस काहीच नाही. दोन गुरुवार लागोपाठ गेले तर एकवीस दिवस. आता जरा आठवून सांगा, गेल्या महिन्यात पायांचा व्यायाम किती वेळा झाला?

हिंजवडीकर

एकदा. आणि त्या एका वेळेनंतर चार दिवस लंगडत होतो, म्हणून पुढचा गुरुवार तर कॉल नसतानाही टाळला.

पायवाट

हेच होतं. इतक्या अंतराने केलं की दुखणं पुन्हा पुन्हा परत येतं. तक्ता वाईट आहे असं नाही. तीन-चार वर्षं मुरलेल्या, सहाही दिवस जाऊ शकणाऱ्या माणसाला तो चालतो. नव्या माणसाला एका अवयवाचे पंधरा सेट लागतही नाहीत आणि पेलवतही नाहीत.

जिममध्ये अ आणि ब असे करा. अ म्हणजे छातीजवळ एक डंबेल धरून स्क्वॉट, छातीचं ढकलायचं मशीन, बसून ओढायची केबल. ब म्हणजे लेग प्रेस, डंबेल डोक्यावर नेणं, वरून खाली ओढायची केबल, आणि वेळ असेल तर हलक्या वजनाने डेडलिफ्ट, ट्रेनर समोर उभा असतानाच. सोमवार, बुधवार, शनिवार जा. गुरुवार आपोआप मोकळा राहतो. बुधवार बुडला आणि शुक्रवारी गेलात, तरी दोन्ही संचांत पाय, ढकलणं, ओढणं सगळं आहे, त्यामुळे काहीच दोन आठवडे कोरडं राहत नाही. नव्यांना सगळ्या अंगाचा संच द्यायचं माझ्या दृष्टीने हेच मोठं कारण आहे. खाडा कुठल्याही दिवशी पडला तरी तो एकाच अवयवावर पडत नाही.

वजन वाढवायचं ते तिन्ही सेट लागोपाठ दोन वेळा १२ ला पोचले की. डंबेलची पुढची जोडी घेतलीत की रेप्स ८-९ वर येतील, ते अपेक्षितच आहे.

रातराणी_पुणे

मी परिचारिका आहे. माझ्या पाळ्या फिरत्या आहेत. या आठवड्यात सोम-मंगळ सकाळपाळी, बुध-गुरु-शुक्र रात्रपाळी, शनिवारी सकाळी सुटणार, रविवार सुट्टी. पुढच्या आठवड्यात पूर्ण सकाळपाळी. सोम-बुध-शुक्र मला कधीच जमलेलं नाही, दर वेळी दुसऱ्या आठवड्यात सोडून देते. माझ्यासारखीने काय करायचं?

पायवाट

ताई, तुमच्यासाठी वार सोडूनच द्या. फ्रिजवर एक कागद लावा, त्यावर पुढचा संच कुठला एवढंच लिहा. झाला की खोडून दुसरा लिहा.

या आठवड्याचं मांडून बघू. सोमवारी सकाळपाळीहून येऊन संध्याकाळी अ. मंगळवारी काही नाही. बुधवारी रात्री ड्यूटी आहे, म्हणजे दुपारी ब होऊ शकतो, पण संपल्यावर ड्यूटीआधी एखादी डुलकी मिळेल इतका वेळ ठेवा. गुरुवार-शुक्रवार रात्रपाळ्यांच्या मध्ये काही करायचं नाही, वॉर्डात तुमचं चालणं भरपूर होतं. शनिवारी झोप. रविवारी अ.

आता समजा बुधवारी ब झाला नाही. गुरुवारी सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या तो उरकायचा मोह होईल, तो टाळा. जागरणानंतर तोल आणि पकड दोन्ही कमी असतात, आणि व्यायामाने अंग तापलं की झोपही लांबते. मग ब सरळ रविवारी. सोमवार ते रविवार सहा दिवस झाले, आठवड्याच्या आतच आहे, त्यामुळे सेट कमी करायचे नाहीत. मंगळवारी अ, गुरुवारी ब, शनिवारी अ. पहिल्या आठवड्यात दोन झाले, दुसऱ्यात तीन. यात चुकलेलं काहीच नाही.

आनंदकाका_६७

वय ६७. रोज सकाळी पाऊण तास चालतो. रक्तदाबाची एक गोळी आहे. तीन दिवस मला झेपतील असं वाटत नाही, दोनच केले तर उपयोग आहे का? की चालणंच पुरे?

फिजिओ_नाशिक

काका, चालणं सोडू नका, पण त्याने हात-पाठीला काम मिळत नाही आणि मांड्यांना पुरेसं मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितला आहे. पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायामही सांगितले आहेत. तेव्हा दोन दिवस पूर्ण उपयोगाचे. सोमवार अ, गुरुवार ब करा. पुश-अप्स ओट्याऐवजी भिंतीवर. श्वास कोंडू नका, ढकलताना तोंडाने सोडा. डोक्यावर वजन न्यायचा व्यायाम तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारूनच सुरू करा. आणि जमिनीवर झोपून केलेल्या व्यायामानंतर आधी कुशीवर वळा, मग बसा, क्षणभर थांबून उठा. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्यांना झटकन उठताना चक्कर येऊ शकते.

आनंदकाका_६७

आभारी आहे. माझा आणखी एक प्रश्न. मधल्या दिवशी बारा सूर्यनमस्कार घालतो, ते विश्रांतीत बसतात का?

पायवाट

बारा, सावकाश, दम न लागता असतील तर बसतात. पण त्यात दर आवर्तनात हातांवर भार घेऊन खाली जाणं आहे, म्हणजे बारा सौम्य पुश-अप्स झाल्याच. दुसऱ्या दिवशी तुमच्या भिंतीवरच्या पुश-अप्स नेहमीपेक्षा कमी निघाल्या तर समजा की सूर्यनमस्कार जास्त झाले. पन्नास घालणाऱ्याने तो विश्रांतीचा दिवस धरू नये.

तालीमवाला_कोल्हापूर

मग माझा मुद्दा कुठं चुकला? काका रोज सूर्यनमस्कार घालतात ते चालतं, मग रोज वीस बैठका मारल्या तर काय बिघडतं?

फिजिओ_नाशिक

काही बिघडत नाही. शंभर काढू शकणाऱ्याने रोज वीस मारल्या तर अंगाला ते जड नाही, रोज करता येतं. ज्याच्या एकूण पंचवीसच निघतात त्याने रोज वीस मारल्या तर तो रोज टोकाजवळ जातोय. फरक तिथे आहे. काही माणसांना रोजची सवय लावणं सोपं जातं हे मीही बघितलंय. त्यांनी निघतील त्याच्या निम्म्यापेक्षा कमी, रोज, असं केलं तर माझी हरकत नाही. पण खाड्याचा नियम तिथेही तोच. काल राहिल्या म्हणून आज चाळीस नाहीत.

पायवाट

मी तरी नव्या माणसाला तीन दिवसच देईन, कारण रोजच्यात आकडा कधी वाढवायचा हे त्याला कळत नाही आणि तो वर्षभर वीसवरच राहतो. पण ज्याला रोजचंच जमतं त्याला अडवणार नाही.

तालीमवाला_कोल्हापूर

निम्म्याचा हिशोब पटला. रोजच्यावर मी ठाम आहे.

गौरीहर

गणपतीत गावाला दहा-अकरा दिवस जातात. वर यंदा येताना ताप घेऊन आलो, चार दिवस पडून होतो. एकूण पंधरवडा झाला. नियमाप्रमाणे एक पायरी मागे, बरोबर ना? ताप काल उतरलाय, आज अ करू का?

पायवाट

नुसती सुट्टी असती तर एक पायरी मागे बरोबर होतं. पंधरवड्यात ताकद फारशी जात नाही, दुखणं मात्र परत येतं, म्हणून मागे यायचं. तापाचं वेगळं आहे. आज करू नका. ताप नसलेले दोन पूर्ण दिवस जाऊ द्या, जेवण पूर्ववत होऊ द्या, आधी वीस मिनिटं चालून बघा.

फिजिओ_नाशिक

मी आणखी सावध राहीन. ताप कशाचा होता ते कळलंय का? डेंगी असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करा, रक्ताच्या तपासणीशिवाय नाही. साधा विषाणूजन्य असेल तरी पहिला आठवडा दोनच सेट, तेही पहिल्या आठवड्याच्या उंचीवर. चालताना छातीत धडधड वाटली किंवा जिन्यात नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथेच थांबून दाखवायचं. नुसतं नाक वाहत असेल, ताप नसेल, तर हलका व्यायाम चालतो. छाती भरली असेल किंवा अंग मोडून आलं असेल तर नाही.

गौरीहर

तपासणीत डेंगी नाही निघाली. दोन दिवस थांबतो.

सह्यवेडा

माझा खाडा उलटा आहे. महिन्यातून एक-दोन रविवार ट्रेक असतो. परवा कळसूबाई करून आलो. सोमवारी अ होता, केला नाही कारण मांड्यांना हात लावू देत नाही. हा खाडा धरायचा की ट्रेकच संच म्हणून मोजायचा?

फिजिओ_नाशिक

१६४६ मीटरचं शिखर आहे. चढताना दम लागतो, पण मांड्या आंबतात त्या उतरताना. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि तेच सगळ्यात जास्त दुखवतं. त्यामुळे सोमवार जाऊ द्या, मंगळवारीही बघा, बुधवारी अ करा. पायांनी काम केलंय, त्यांना वेळ द्या.

पायवाट

मी थोडं वेगळं करीन. हात-पाठ तर ताजेतवाने आहेत. मंगळवारी ओट्यावरच्या पुश-अप्स, सॅक आणि प्लँक करायचे, खुर्ची वगळायची. ट्रेक मी संच म्हणून मोजत नाही, पण खाडाही धरत नाही.

सह्यवेडा

मग मंगळवारी अर्धा अ केला तर पुढचा कोणता, अ की ब?

पायवाट

माझ्या मते अ पूर्ण झाला नाही, गुरुवारी पुन्हा अ.

फिजिओ_नाशिक

मी ब म्हणेन. खुर्चीऐवजी त्याने अख्खा डोंगर उतरलाय.

रातराणी_पुणे

कागद फ्रिजवर लावला. जे झालं ते लिहिते. सोमवारी अ: खुर्ची १२, ११, ९. पुश-अप्स ९, ८, ७. बुधवारी दुपारी ब होणार होता, पण वॉर्डात माणसं कमी म्हणून लवकर बोलावलं, राहिला. रविवारी ब केला. मंगळवारी अ: खुर्ची १२, ११, १०. पुश-अप्स ९, ८, ६. तिसऱ्या सेटला एक कमी झाला म्हणजे मागे गेले का? पुढच्या वेळी चार सेट करू का?

पायवाट

नाही ताई, चार सेट नकोत. आकडे नीट बघा. एका अ पासून दुसऱ्या अ पर्यंत आठ दिवस गेले, मध्ये तीन रात्रपाळ्या झाल्या, आणि तरी खुर्ची एकाने वाढली, पुश-अप्स एकाने कमी झाल्या. एकाचा फरक झोपेने, जेवणाच्या वेळेने, कशानेही पडतो. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा घसरत गेला तर मग विचार करू, आणि तेव्हाही आधी झोप विचारीन, सेट नंतर.

खुर्ची मात्र तयार होत आली आहे. तिन्ही सेट १२ झाले, दोन वेळा झाले, की सॅक छातीशी धरून उठा, सुरुवातीला दोन बाटल्या टाकून. पुश-अप्स ओट्यावरच राहू द्या. त्या १२ ला पोचल्या की पुढची उंची म्हणजे भिंतीला टेकवलेल्या खुर्चीची बैठक. ओट्यापेक्षा ती बरीच खाली आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी पाच-सहाच निघतील.

रातराणी_पुणे

बरं. कागदावर आता ब आहे. गुरुवारी सकाळपाळी आहे, तेव्हा संध्याकाळी करते.